जन्मवजन कुठवर धरायचं? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोस कसा ठरतो



अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फाइल उघडली की पहिल्याच पानावर एक आकडा ठळक लिहिलेला असतो, तो म्हणजे जन्मवजन. तोच आकडा पेटीवर चिकटवलेल्या कार्डावर असतो, पुढे घरी जातानाच्या कागदावर असतो आणि आईच्या तर तोंडपाठ असतो. बाळ दोन महिन्यांचं झालं तरी कुणी विचारलं की आई सांगते, "हजार ग्रॅमचा झाला होता." त्या आकड्याचा मान ठेवायलाच हवा. पण औषधाचा डोस काढताना त्याची मुदत फार थोडी, साधारण दोन आठवड्यांची असते. त्यानंतरही तोच आकडा धरला तर काय होतं, आणि त्याच्या जागी काय धरायचं, हे आज आम्ही एका बाळाचं उदाहरण घेऊन समजावणार आहोत.

आधी एक खुलासा करतो. इथे येणारे डोसचे आकडे हिशेब कळावा म्हणून आहेत. तुमच्या बाळाचा डोस त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. पण तो डोस कसा निघतो हे तुम्हाला कळलं, तर योग्य प्रश्न योग्य वेळी विचारता येईल.

कुठल्याही औषधाबाबत दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, एका वेळी किती द्यायचं? दुसरा, परत कधी द्यायचं? पहिल्याचं उत्तर मुख्यतः वजनावर असतं, कारण औषध शरीरात पसरतं आणि शरीर जेवढं मोठं तेवढं औषध जास्त लागतं. दुसऱ्याचं उत्तर मुख्यतः वयावर असतं. दिलेलं औषध बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतात, आणि ते अवयव किती तयार झालेत हे वजनकाटा सांगत नाही.

मग वय कुठलं धरायचं? अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वयं तीन प्रकारे मोजतात, आणि गोंधळ इथेच सुरू होतो.

आपलं बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्याला जन्मलं असं धरू. जन्मून चौदा आठवडे झाले, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे ते सव्वातीन महिन्यांचं आहे. हे झालं जन्मापासूनचं वय. पोटातले अठ्ठावीस आठवडे त्यात मिळवले की होतात बेचाळीस आठवडे. याला आपण गर्भापासूनचं वय म्हणू. वॉर्डात डॉक्टर याला पीएमए म्हणतात, आणि ते आईच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. तिसरं सुधारित वय, ज्याला करेक्टेड एज म्हणतात. पूर्ण दिवस चाळीस आठवड्यांना भरतात. आपलं बाळ बारा आठवडे आधी आलं, म्हणून चौदातून बारा वजा केले. सुधारित वय आलं दोन आठवडे. म्हणजे शेजारच्या घरी वेळेवर जन्मलेलं सव्वातीन महिन्यांचं बाळ आणि आपलं सव्वातीन महिन्यांचं बाळ यांचा जन्मदिवस एक असला, तरी आपल्या बाळाचं शरीर अजून जवळजवळ नवजात आहे.

बाळ रुग्णालयात असेपर्यंत गर्भापासूनचं वय कामाला येतं, घरी गेल्यावर सुधारित वय सोयीचं पडतं. दोन्ही एकाच गोष्टीची मापं आहेत, फक्त शून्य वेगळ्या जागी ठेवलंय.

यातला पहिला हिशेब, म्हणजे दर किलोला इतके मिलिग्रॅम, तसा जुना आहे. तेवढाच पुरेसा नसतो हे वैद्यकशास्त्राला फार महागात कळलं. १९५९ साली लॉस एंजेलिसमधल्या बर्न्स, हॉजमन आणि कॅस या तीन डॉक्टरांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. आईची पाणमोट फुटून बराच वेळ झाला असेल तर जन्मलेल्या बाळाला जंतुसंसर्ग होईल या भीतीने त्या काळी प्रतिजैविकं आधीच सुरू करत. त्यांत क्लोरॅम्फेनिकॉल होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते दर किलोला दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलं जात होतं. त्या अहवालात प्रतिजैविक न मिळालेल्या बाळांपैकी सुमारे १९ टक्के दगावली होती, आणि फक्त क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के. ही बाळं आधी दूध घेईनाशी होत, पोट फुगे, मग अंग राखाडी पडे आणि रक्ताभिसरण कोसळे. पुढे या प्रकाराला ग्रे बेबी सिंड्रोम असं नाव पडलं.

इथे वजनाचा गुणाकार कुणी चुकवला नव्हता. कमी पडलं होतं यकृत. क्लोरॅम्फेनिकॉल शरीराबाहेर जाण्याआधी यकृतात त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड द्यावी लागते, आणि ती देणारं एन्झाइम अपुऱ्या दिवसांच्या बाळात नगण्य असतं. त्यामुळे कालचा डोस बाहेर पडायच्या आत आजचा डोस येत होता आणि औषध साठत जात होतं. तेव्हापासून नवजात बाळांच्या औषधांच्या तक्त्यांत वजनाच्या बरोबरीने वयाचेही रकाने आले.

आता आपल्या बाळाकडे वळू. अठ्ठाविसावा आठवडा, जन्मवजन १००० ग्रॅम. हिशेब सोपा पडावा म्हणून आम्ही पुरता एक किलो घेतलाय.

पहिल्या दिवशी जंतुसंसर्गाची शंका आहे म्हणून जेंटामायसिन सुरू केलं. नवजात विभागांत निओफॅक्स नावाचा संदर्भग्रंथ बराच वापरला जातो. त्यातल्या तक्त्याप्रमाणे गर्भापासूनचं वय २९ आठवड्यांपर्यंत आणि जन्मून सात दिवस व्हायचे असतील, तर डोस दर किलोला ५ मिलिग्रॅम आणि दोन डोसांत ४८ तासांचं अंतर. म्हणजे आपल्या बाळाला ५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड.

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. बाळ इतकं लहान, मग दर किलोचा डोस मोठा का? कारण जेंटामायसिन पाण्यात विरघळतं आणि शरीरातल्या पाण्यात पसरतं. मोठ्या माणसाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, तर अशा बाळात ८० टक्के किंवा अधिक. एका बादलीत आणि एका पिंपात सारखंच मीठ टाकलं तर पिंपातलं पाणी अळणी लागेल, तसंच हे आहे. म्हणून पहिला प्रश्न, किती द्यायचं, याचं उत्तर मोठं येतं. पण औषध गाळून टाकणारं मूत्रपिंड अजून घडतंय. त्यातल्या गाळण्या गर्भाच्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतच असतात. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबतं. हे औषध साठलं तर कानाच्या नसेला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्यामुळे मधलं अंतर पाळणं फार गरजेचं असतं.

पाचव्या दिवशी बाळाचं वजन भरलं ८९० ग्रॅम. आईचा जीव घाबरा होतो, पण पहिल्या काही दिवसांत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत वजन उतरणं हे अशा बाळांत अपेक्षितच असतं. उतरतं ते बहुतेक पाणी. मग डोस ८९० ग्रॅमवर काढायचा का? नाही. रूढ नियम असा की बाळ आपलं जन्मवजन पुन्हा गाठेपर्यंत जन्मवजनच धरायचं, आणि ते ओलांडलं की त्या दिवसापासून चालू वजन. वजन दोनचार दिवस रोज खाली-वर होत असताना डोसही रोज बदलला तर फायदा नगण्य आणि लिहिण्यात चूक होण्याचा धोका मोठा. आपल्या बाळाने तेराव्या दिवशी पुन्हा १००० गाठले. जन्मवजनाचं काम इथे संपलं.

पण कागदावर ते संपत नाही. पेटीवरचं कार्ड कुणी बदलत नाही. औषधांच्या तक्त्यात कालचीच ओळ आज उतरवली जाते. आणि बाळ तर वाढायला लागलेलं असतं, रोज दर किलोमागे साधारण १५ ग्रॅमने, म्हणजे आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त.

हे कुठे दिसतं? कॅफीनमध्ये. चहा-कॉफीतलंच कॅफीन, पण इथे कॅफीन सायट्रेट या रूपात. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायचं मधेच विसरतात. वीस सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, यालाच ॲप्निया म्हणतात. कॅफीन मेंदूतल्या श्वासकेंद्राला जागं ठेवतं. आधी दर किलोला २० मिलिग्रॅमचा मोठा डोस, आणि पुढे दर किलोला ५ मिलिग्रॅम रोज. आपल्या बाळाला रोज ५ मिलिग्रॅम सुरू झालं. द्रावण एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे पाव मिलिलिटर.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाळ १२५० ग्रॅमचं झालं. तक्त्यात अजून "५ मिलिग्रॅम रोज" असंच आहे. ५ भागिले सव्वा, म्हणजे प्रत्यक्षात बाळाला दर किलोला ४ मिलिग्रॅम मिळतायत. पस्तिसाव्या दिवशी वजन १३९० ग्रॅम, आता मिळतात ३.६. औषध कुणी कमी केलेलं नाही, बाळच त्या डोसातून मोठं झालं, जसं झबलं न बदलताच तोकडं पडतं. त्यात भर म्हणजे बाळाचं यकृतही हळूहळू कॅफीन लवकर संपवायला शिकतं. जन्माच्या सुमारास ते इतकं सावकाश चालतं की अर्धं कॅफीन उतरायला शंभर तासांच्या घरात वेळ लागतो. मोठ्या माणसाला त्याच कामाला पाचेक तास पुरतात. म्हणजे वजन आणि वय दोन्ही एकाच दिशेने ओढतात, आणि रक्तातलं औषध पातळ होत जातं.

मग एखाद्या रात्री मॉनिटर वाजतो. बरेच दिवस शांत असलेल्या बाळाचा श्वास पुन्हा अडखळायला लागतो. आता हे जंतुसंसर्गाचंही लक्षण असू शकतं, म्हणून संसर्गाचा शोध घ्यावाच लागतो, त्यात चालढकल चालत नाही. पण त्याच वेळी एक भागाकार करायचा: आजचा डोस भागिले आजचं वजन. उत्तर ठरवलेल्या पाचच्या खाली गेलं असेल तर एक कारण तिथेच सापडलं. आपल्या बाळाचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा योग्य डोस ५ गुणिले १.२५, म्हणजे ६.२५ मिलिग्रॅम, द्रावण ०.३१ मिलिलिटर.

कॅफीनवरचा सगळ्यांत मोठा अभ्यास, कॅप ट्रायल, २००६ साली प्रसिद्ध झाला. ५०० ते १२५० ग्रॅम जन्मवजनाची दोन हजारांवर बाळं त्यात होती. कॅफीन मिळालेल्या बाळांत फुप्फुसाचा दीर्घ आजार कमी आढळला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या पाठपुराव्यात दीड वर्षाच्या सुमाराला, तेही सुधारित वयाने मोजून, बौद्धिक विकासात आणि हालचालींच्या बाबतीतही फायदा दिसला. त्या अभ्यासाच्या पद्धतीत एक साधं वाक्य आहे, की रोजचा डोस दर आठवड्याला वजनाप्रमाणे बदलला. म्हणजे तो फायदा बदलत्या डोसाचा होता. जन्मवजनावर गोठवलेल्या डोसाने तोच मिळेल असं कुणी दाखवलेलं नाही.

काही विभागांत ३४ आठवड्यांच्या जवळ आल्यावर डोस मुद्दाम वाढवत नाहीत, बाळाला त्यातून मोठं होऊ देतात आणि मग औषध थांबवतात. ती पद्धत वेगळी, कारण तिथे कुणीतरी ठरवून तसं लिहिलेलं असतं आणि बंद केल्यावर काही दिवस बाळावर लक्ष असतं. नजरचुकीने तोकडा पडलेला डोस कुणाच्या लक्षातच नसतो, खरा धोका तिथे आहे.

आता बेचाळिसावा दिवस. गर्भापासूनचं वय ३४ आठवडे, वजन १५५० ग्रॅम. पुन्हा जंतुसंसर्गाची शंका आली आणि जेंटामायसिन सुरू करायचं ठरलं. फाइलमध्ये पहिल्या दिवसाची ओळ आहेच: ५ मिलिग्रॅम, ४८ तासांनी. ती उतरवली तर काय होईल?

तक्त्यात आता बाळाची जागा बदललीय. गर्भापासूनचं वय ३० ते ३४ आठवडे आणि जन्मून आठ दिवसांहून जास्त, तर दर किलोला ४ मिलिग्रॅम, २४ तासांनी. आपल्या बाळाला ४ गुणिले १.५५, म्हणजे ६.२ मिलिग्रॅम रोज. जुनी ओळ उतरवली तर ५ मिलिग्रॅम दोन दिवसांतून एकदा, म्हणजे दिवसाला सरासरी अडीच मिलिग्रॅम. हवं त्याच्या निम्म्याहून कमी. औषध चालू आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि जंतूंना मधे पुरता दिवस मोकळा मिळतो.

याच दिवशी शेजारच्या वॉर्मरवर एक बाळ आलं असं समजा. आजच जन्मलं, ३४ आठवड्यांचं, वजन तेच १५५० ग्रॅम. गर्भापासूनचं वय एक, वजन एक. डोसही एकच का? नाही. पहिल्या सात दिवसांत या बाळाला तक्ता दर किलोला ४.५ मिलिग्रॅम, ३६ तासांनी सांगतो. म्हणजे साधारण ७ मिलिग्रॅम, दीड दिवसाने. कारण मूत्रपिंडाचं काम जन्मल्यावर झपाट्याने वाढतं. पोटात असताना रक्त गाळण्याचा भार आईची वार उचलत असते, नाळ कापली की तो बाळावर पडतो. आपल्या बाळाच्या मूत्रपिंडाला या कामाची सहा आठवड्यांची सवय आहे, शेजारच्याला एक दिवसाचीही नाही. म्हणूनच चांगल्या तक्त्यात तीन गोष्टी विचारलेल्या असतात: आजचं वजन, गर्भापासूनचं वय आणि जन्मून झालेले दिवस. आणि डोस काढल्यावर गरज असेल तिथे रक्तातली औषधाची पातळी तपासतात, कारण तक्ता शेवटी सरासरी बाळाचा असतो.

चालू वजन धरा असं आम्ही म्हणतोय, पण चालू वजनही फसवू शकतं, हे सांगायला हवं. आपलं बाळ दोन दिवसांत १५५० वरून १७२० ग्रॅमवर गेलं असं समजा. आनंद व्हायच्या आधी मोजा. दर किलोला १५ ते २० ग्रॅम या हिशेबाने दोन दिवसांत पन्नास-साठ ग्रॅम वाढ समजू शकते, १७० नाही. पापण्या सुजल्यात का, नडगीवर बोट दाबलं तर खळगा राहतो का, लघवी कमी झालीय का, हे बघायचं. आजारी बाळाच्या अंगात पाणी साठतं तेव्हा काटा वाढतो, बाळ वाढत नाही. अशा वेळी सूज येण्याआधीचं शेवटचं विश्वासाचं वजन धरतात. आणि कधीकधी कारण याहून साधं असतं: हाताला सलाइनची पट्टी बांधलेली, लंगोट ओला, किंवा काटाच वेगळा. म्हणून वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने करायचं.

या सगळ्यावर वॉर्डात एक साधा उपाय आहे. औषधाच्या ओळीत नुसतं "कॅफीन ५ मिलिग्रॅम" न लिहिता "दर किलोला ५ मिलिग्रॅम, वजन १.२५ किलो, अमुक तारीख, म्हणून ६.२५ मिलिग्रॅम" असं लिहायचं. मग पुढच्या पाळीच्या सिस्टरना ओळ वाचतानाच दिसतं की हे वजन जुनं झालं. आठवड्याचा एक वार ठरवायचा आणि त्या दिवशी बाळाचे सगळे डोस नव्या वजनाने पुन्हा काढायचे. मधेच वजन दहा टक्क्यांनी बदललं तर वाराची वाट बघायची नाही.

आता बाळ घरी गेलं. इथे चूक उलट्या दिशेला वळते. रुग्णालयात जुन्या वजनामुळे डोस कमी पडत होता, घरी कॅलेंडरच्या वयामुळे तो जास्त होतो.

चौदाव्या आठवड्याची लस झाली आणि रात्री अंग गरम लागलं. वजन आहे ३१०० ग्रॅम. घरात पॅरासिटामॉल आहे. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीवर दोन महिन्यांच्या बाळासाठी दोन अटी छापलेल्या असतात: बाळ चार किलोहून जास्त असावं आणि ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं नसावं. म्हणजे आपलेच दोन प्रश्न, वजन आणि गर्भातले दिवस. पण तीन महिने झाले की त्याच बाटलीवर या अटी नाहीत, नुसतं वय पाहून ६० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत. आपलं बाळ कॅलेंडरने सव्वातीन महिन्यांचं, म्हणून कुणीही सहज तो रकाना धरेल.

हिशेब करू. ६० भागिले ३.१, म्हणजे दर किलोला १९ मिलिग्रॅमच्या वर. चार वेळा दिलं तर दिवसाला दर किलोला ७७. नवजात बाळाला, गर्भापासूनचं वय ३२ आठवड्यांच्या पुढे असताना, दिवसभरात दर किलोला ६० ही कमाल मर्यादा धरतात, आणि एका वेळचा नेहमीचा डोस दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आपल्या बाळाला तो ३१ ते ४६ मिलिग्रॅम येतो, सहा ते आठ तासांनी. तयार होत असलेल्या यकृतावर दोनतीन दिवस जास्तीचा भार पडत राहिला तर इजा होऊ शकते, आणि ती सुरुवातीला वरून दिसत नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक खड्डा आहे. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे मिळतात, आणि पातळ औषध पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचं. म्हणजे थेंब चौपट तीव्र. "अडीच मिलि द्या" असं कुणाच्या तोंडून ऐकून अडीच मिलिलिटर थेंब दिले, तर ते झाले २५० मिलिग्रॅम, आपल्या बाळाला दर किलोला ८०, एकाच वेळी. म्हणून डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये विचारा, आणि मग आपल्या हातातल्या बाटलीवर किती मिलिलिटरला किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. चमचा नको, औषधासोबत मिळणारा ड्रॉपर किंवा बिनसुईची सिरिंज वापरा.

आणि मुळात या वयाच्या बाळाला ताप आला तर औषध देऊन सकाळची वाट बघत बसू नका. सुधारित वय दोन आठवडे आहे हे लक्षात ठेवा, दोन आठवड्यांच्या तान्ह्याला ताप आला तर आपण जसं लगेच डॉक्टर गाठू, तसंच इथेही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मग लसही सुधारित वयानेच द्यायची ना? आमच्या घरी सगळे म्हणतायत, अजून तीन महिने थांबा.

उत्तर: नाही, थांबू नका. लसीचा नियम वेगळा आहे. लस जन्मतारखेने मोजलेल्या वयाला द्यायची आणि पूर्ण डोस द्यायचा. वजन कमी म्हणून अर्धी लस देत नाहीत. लस शरीरातून बाहेर टाकायची नसते, तिने प्रतिकारशक्तीला ओळख करून द्यायची असते, त्यामुळे तिथे मूत्रपिंड-यकृताचा हिशेब लागत नाही. उलट अशा बाळांना डांग्या खोकल्यासारखे आजार जास्त त्रास देतात, म्हणून उशीर नको. एक अपवाद हेपटायटिस बीचा. दोन किलोंच्या आतल्या बाळाला जन्मतः दिलेला तो डोस पुढच्या मालिकेत मोजत नाहीत, नंतरचे तिन्ही डोस पूर्ण करावे लागतात.

प्रश्न: लोहाचे थेंब घरी जाताना लिहून दिले होते. बाळ आता दुप्पट झालं. तेच चालू ठेवायचं का?

उत्तर: हे उदाहरण कॅफीनच्याच जातीचं आहे. अशा बाळांना लोह साधारण दर किलोला रोज २ ते ४ मिलिग्रॅम सांगतात. १९०० ग्रॅमच्या बाळाला २ च्या हिशेबाने ३.८ मिलिग्रॅम बसले. वजन ३८०० झालं आणि थेंब तेवढेच राहिले, तर मिळतोय दर किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे निम्मा. पण घरच्या घरी दुप्पट करू नका. प्रत्येक भेटीला वजन झालं की विचारा, "या वजनाला थेंब किती?" ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र सहसा वजनावर नसतात, ते ठरलेल्या रोजच्या मात्रेत देतात. म्हणून दोन्ही बाटल्यांबद्दल वेगवेगळं विचारा.

प्रश्न: सुधारित वय किती दिवस सांगत बसायचं?

उत्तर: मान धरणं, बसणं, बोलणं अशा वाढीच्या टप्प्यांसाठी साधारण दोन वर्षांपर्यंत. औषधांच्या बाबतीत पहिलं वर्ष महत्त्वाचं, आणि त्यातही सुरुवातीचे महिने. आकारमानाचा फरक वजा केला तर मूत्रपिंडाची क्षमता गर्भापासूनच्या ४८ आठवड्यांच्या सुमाराला मोठ्या माणसाच्या निम्म्यावर येते, आणि बाळ वर्षाचं होईतो जवळजवळ पूर्ण होते. तोवर नव्या डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात गेलात तर "बाळ तीन महिन्यांचं आहे" एवढंच सांगू नका. "तीन महिन्यांपूर्वी झालं, पण बारा आठवडे आधी, आजचं वजन ३१०० ग्रॅम" असं सांगा. आजचं वजन माहीत नसेल तर आधी वजन करून घ्या. जन्मवजन कुणी विचारलं तर जरूर सांगा, पण ते जन्मवजन आहे हेही सोबत सांगा.